फुलवाला बिल देत नाही तेव्हा

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भोसरीतल्या एखाद्या लहान कारखान्यात काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. यंत्रं पुसून झाली आहेत, फरशी धुतली आहे आणि स्टोअरमधल्या मुलाला फुलं आणायला पाठवायचं आहे. हिशेबनीस बाई कुलपातल्या डब्यातून दोन हजार रुपये काढून देतात आणि एका चिठ्ठीवर त्याची सही घेतात. तासाभराने तो परत येतो. चौदा किलो झेंडू नव्वद रुपयांनी, म्हणजे १,२६० रुपये. आंब्याचे डहाळे १०० रुपयांचे. किराणा दुकानातून पाच नारळ, पस्तीस रुपयांनी, १७५. एकूण १,५३५. उरलेले ४६५ तो टेबलावर मोजून ठेवतो.

"बिल?"

"ताई, रस्त्याकडेला पोतं टाकून बसलेला शेतकरी तो. बिल मागितलं तर हसला."

त्या शेतकऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याच्याकडे बिलबुक नाही आणि ते असण्याची सक्तीही नाही. कारखान्याचंही काही चुकलेलं नाही, फुलं खरोखर आली आहेत. अडचण एवढीच, की वहीत १,३६० रुपये खर्च पडणार आणि त्यामागे बाहेरच्या कुणाचा कागद नाही. अशा वेळी किरकोळ रोकडीचं व्हाउचर करायचं असतं, हे बहुतेक ऑफिसांत ठाऊक असतं. पण व्हाउचर केलं की बिलाची उणीव भरून निघाली, असा एक समज सोबत असतो आणि तो साफ चुकीचा आहे.

बिल म्हणजे बाहेरच्या माणसाची साक्ष असते. ज्याला आपल्या कारखान्याशी देणंघेणं नाही, अशा माणसाने लिहून दिलेलं असतं की अमुक वस्तू, अमुक भावाने, अमुक दिवशी विकली. व्हाउचर ही आपल्याच माणसाची साक्ष आहे, आणि तीही ज्याच्या हातात पैसे होते त्याची. म्हणून बिल नसताना फक्त एक साक्षीदार कमी होतो. मंजुरी, मर्यादा, मोजणी, सह्या या बाकीच्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी राहतात. उलट गेलेल्या साक्षीदाराची जागा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी लागते. ती कुणी आणि कशी घ्यायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्या १,५३५ रुपयांकडे परत येऊ. पहिलं काम म्हणजे त्यांचे दोन भाग करणं. नारळ किराणा दुकानातून आणलेत. दुकानदार बिल देऊ शकत होता, मुलाने मागितलं नाही. इथे एक सबब हमखास पुढे येते : "दोनशेच्या आत बिल मिळत नाही." नियम तसा नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांहून कमी रकमेच्या विक्रीवर वेगळं बिल न देण्याची सवलत आहे, पण ग्राहक नोंदणी नसलेला असेल आणि त्याने बिल मागितलं नसेल तरच. अशा विक्रीचं दिवसअखेर एकत्र बिल दुकानदाराला करावंच लागतं. कारखान्याची स्वतःची नोंदणी असेल तर ही सवलत लागूच होत नाही. दुकानदाराची नोंदणी नसली, तरी साधी कच्ची पावती तो लिहून देतोच. म्हणून बाईंनी मुलाला नारळाच्या बिलासाठी परत पाठवावं. दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे, दहा मिनिटांचं काम. बिलाविना व्हाउचर हे 'बिल मिळू शकत नाही' यासाठी असतं. 'बिल आणायचं राहिलं' ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत झाली की हळूहळू सगळीच बिलं आणायची राहू लागतात.

उरले फुलं आणि डहाळ्यांचे १,३६०. आता व्हाउचर लिहायचं.

छापील व्हाउचरच्या पुस्तकात ओळी ठरलेल्या असतात. क्रमांक, तारीख, कुणाला दिले, कशासाठी, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, घेणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही. बिल जोडलेलं असतं तेव्हा 'कशासाठी' या ओळीत "पूजेचं साहित्य" एवढं लिहिलं तरी भागतं, तपशील बिलावर असतो. बिल नसेल तर तोच तपशील व्हाउचरवर उतरवायला हवा. "झेंडू १४ किलो, दर ९०, आंब्याचे डहाळे १००, खंडेनवमीची पूजा, २२ यंत्रं आणि मुख्य दरवाजा, विक्रेता भोसरी चौकाजवळ रस्त्याकडेचा फूलविक्रेता शेतकरी, बिल देत नाही." हे वाचून तिसऱ्या माणसाला हिशेब ताडून पाहता येतो. नुसतं "किरकोळ खर्च १,३६०" असं लिहिलेलं व्हाउचर ताडून पाहता येत नाही, म्हणून त्याला अर्थ नाही.

अक्षरी रक्कम ही अनेकांना जुनाट सवय वाटते. ३६० च्या आधी एक १ ठेवला की १,३६० होतात आणि पेन तेच असेल तर कुणाला कळतही नाही. "एक हजार तीनशे साठ फक्त" यात मात्र मागाहून काही घुसवता येत नाही. मंजुरी देणाऱ्याने सही करण्याआधी अक्षरी रक्कम लिहिलेली आहे ना, एवढं तरी पाहावं. कोऱ्या रकमेवर सही करून ठेवणारे साहेब मात्र आजही भेटतात.

आता घेणाऱ्याच्या सहीची ओळ. इथेच सर्वांत जास्त खोटेपणा होतो आणि तो बहुधा कुणाच्या वाईट हेतूने होत नाही. ऑडिटरने मागच्या वर्षी शेरा मारलेला असतो की व्हाउचरवर घेणाऱ्याची सही नाही. म्हणून यंदा हुकूम सुटतो : सहीशिवाय व्हाउचर घेणार नाही. फूलवाला सही करत नाही. त्याला वाटतं, हे काहीतरी टॅक्सचं प्रकरण आहे. मग तो मुलगा रिक्षात बसल्या बसल्या स्वतःच डाव्या हाताने एक वाकडी सही ठोकून मोकळा होतो. खर्च खरा, फुलं खरी आणि कागद खोटा. वर्षभराचा गठ्ठा ऑडिटरने उलगडला की चहावाला, हमाल, चावीवाला, फूलवाला या सगळ्यांच्या सह्या एकाच वळणाच्या निघतात. त्यानंतर खऱ्या व्हाउचरांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून नियमच असा हवा : विक्रेत्याने सही किंवा अंगठा दिला तर उत्तम, दिला नाही तर ती ओळ रिकामी सोडून "सही दिली नाही" असं लिहायचं आणि खाली पैसे देणाऱ्याने आपल्या नावाने सही करायची. रिकामी ओळ चालते, बनावट सही चालत नाही.

सही मिळाली आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर ते व्हाउचर पैसे मिळाल्याची पावतीही ठरतं आणि त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं. पूर्वी ही मर्यादा ५०० होती, २००४ मध्ये ती वाढवली. कित्येक ऑफिसांत अजूनही सवयीने शंभर-दोनशेच्या व्हाउचरलाही तिकीट चिकटवतात. त्याची गरज नाही.

आता गेलेल्या साक्षीदाराची जागा भरायची आहे. त्यासाठी दोन गोष्टी पुरतात.

एक म्हणजे माल आल्याची दुसऱ्याने दिलेली साक्ष. फुलांची पिशवी गेटमधून आत आली तेव्हा सुरक्षारक्षकाच्या आवक वहीत "झेंडू, एक गोणी, १४ किलो" अशी नोंद झाली असेल, तर व्हाउचरवर त्या नोंदीचा क्रमांक टाकायचा. वजनकाटा कारखान्यात असतोच. गेटवर वही नसेल तर सुपरवायझरने व्हाउचरच्या मागे "फुलं मिळाली" लिहून सही करायची. फक्त, ज्याने पैसे दिले आणि ज्याने माल मिळाल्याचं लिहिलं ती दोन वेगळी माणसं हवीत. हमाली, नळदुरुस्ती, चावी बनवणं अशा कामांत आवक नोंद नसते. तिथे काम झाल्याचं त्या विभागाच्या माणसाने लिहून द्यायचं. नळ कुणाच्या न्हाणीघरातला होता हेही तिथेच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भावाची पडताळणी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. म्हणून मंजुरी देणाऱ्याने "नव्वद जास्त वाटतात" एवढ्यावर व्हाउचर अडवणं बरं नाही. पण त्या दिवशीचे मार्केट यार्डातले फुलांचे भाव वर्तमानपत्रात येतात, दोन मिनिटांत पाहता येतात. मागच्या वर्षीचं खंडेनवमीचं व्हाउचरही कपाटात असतं. तेव्हा वीस यंत्रांना बारा किलो लागले असतील तर यंदा बावीस यंत्रांना चौदा किलो पटण्यासारखे आहेत. पंचवीस किलो असते तर विचारायला हवं होतं. ही पडताळणी रुपया-रुपयाची नसते. आकडा माणसांच्या व्यवहारातला वाटतो की कुणीतरी बसून लिहिलेला, एवढंच पाहायचं असतं.

यूपीआयने या कामात मोठी मदत केली आहे. आज भाजीवाल्याच्या गाड्यावरही क्यूआर लावलेला असतो. पैसे तिथे गेले तर रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहार क्रमांक हे चार तपशील बँकेकडे नोंदले जातात आणि ती साक्ष बाहेरची असते. पण तिच्या मर्यादा ओळखायला हव्यात. पैसे गेले हे यूपीआय सांगतो, कशाचे गेले हे सांगत नाही. क्यूआर कधी विक्रेत्याच्या बायकोच्या नावाचा असतो, कधी भावाच्या. पडद्यावर दिसलेलं नाव व्हाउचरवर जसंच्या तसं लिहून ठेवावं. आणि कर्मचाऱ्याने स्वतःच्या फोनवरून पैसे भरले असतील, तर व्हाउचर त्याच्या परतफेडीचं होतं. तिथे व्यवहार क्रमांक लिहिला नाही तर तोच स्क्रीनशॉट पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ शकतो, कधी विसरून, कधी मुद्दाम.

संध्याकाळी डबा मोजायचा. समजा या कारखान्यात किरकोळ रोकड ८,००० रुपयांची ठरलेली आहे. याला हिशेबाच्या भाषेत इंप्रेस्ट म्हणतात. त्याचं गणित एकच : कोणत्याही क्षणी डब्यातली रोख आणि व्हाउचरांची बेरीज मिळून ८,००० भरलेच पाहिजेत. फुलांचं व्हाउचर १,३६०, नारळांचं १७५, आधीची वेगवेगळी मिळून ३,१२०, एकूण ४,६५५. मग डब्यात ३,३४५ हवेत. पाचशेच्या पाच, दोनशेच्या दोन, शंभरच्या चार आणि सुटे ४५. बरोबर. मुलाने दिलेली दोन हजारांची चिठ्ठी आता त्याच्यासमोर फाडून टाकायची, कारण तिच्या जागी व्हाउचर आणि परत आलेले ४६५ आले आहेत. ती चिठ्ठी म्हणजे खर्च नव्हे, उचल आहे. ती चार-चार दिवस डब्यात राहू लागली तर समजावं, की किरकोळ रोकडीतून कुणीतरी बिनव्याजी कर्ज काढत आहे.

डबा पुन्हा भरायचा तो ४,६५५ रुपयांनीच. "पाच हजार काढून आणा, सुटसुटीत पडेल" हे ऐकायचं नाही. गोल रकमेने डबा भरला की बेरजेचा धागाच तुटतो. भरताना प्रत्येक व्हाउचरवर 'अदा' असा ठळक शिक्का मारायचा. बिल असलेल्या खर्चात तेच बिल दोनदा आलं तर त्याच्या क्रमांकावरून पकडता येतं. बिलाविना व्हाउचरला बाहेरचा क्रमांक नसतो, म्हणून शिक्का आणि आपला छापील अनुक्रमांक हेच त्याचे पहारेकरी. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर तो रद्द म्हणून पुस्तकातच चिकटलेला दिसला पाहिजे.

आठवड्यातून एकदा मालकाने किंवा दुसऱ्या कुणी न सांगता येऊन डबा मोजावा. बाईंवर संशय म्हणून नव्हे. उद्या कमी-जास्त निघालं तर त्यांच्या बाजूने बोलणारी तीच एक नोंद असते.

कराच्या बाजूने दोनच गोष्टी सांगतो, कारण याच दोन ठिकाणी पैसे जातात. व्यवसायात एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले, तर आयकरात तो सगळा खर्च नामंजूर होतो. दहा हजारांच्या वरचा भाग नव्हे, सगळा. मालवाहतुकीच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे आणि इतर काही अपवादही आहेत. रंगाऱ्याला एकाच दिवशी ६,००० ची दोन व्हाउचरं करून दिली म्हणून काही वाचत नाही, कारण मोजणी व्हाउचरागणिक नसून माणूस आणि दिवस यांची आहे. आणि ही मोजणी बिल असो वा नसो, सारखीच लागू होते. दुसरी गोष्ट जीएसटीची. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याने कर लावलेलाच नसतो, तेव्हा व्हाउचरवरून कराचा परतावा घेण्याचा प्रश्न येत नाही. व्हाउचरची रक्कम सरसकट खर्चात जाते.

आपण स्वतः लिहिलेलं व्हाउचर आयकर अधिकारी मानतात का, हा प्रश्न नेहमी येतो. मानतातही आणि नाहीही. खर्च धंद्यासाठी झाला हे दाखवण्याची जबाबदारी करदात्याची असते. नुसत्या स्वहस्ते केलेल्या व्हाउचरांचा मोठा गठ्ठा दिसला की अधिकारी त्यातला काही हिस्सा ठोक टक्केवारीने नाकारतात, आणि मग अपिलं होतात. गंमत म्हणजे अशा व्हाउचरची दखल कायद्यानेच घेतलेली आहे. १९६२ च्या आयकर नियमांत वकील, डॉक्टर, वास्तुविशारद वगैरे व्यावसायिकांनी कोणत्या वह्या ठेवाव्यात हे सांगणारा ६एफ हा नियम होता. बिल मिळालं नसेल आणि खर्च ५० रुपयांपर्यंत असेल, तर स्वतः सही केलेलं व्हाउचर त्यात चालत असे. रोखकीर्दीत पुरेसा तपशील लिहिलेला असेल तर त्याचीही सक्ती नव्हती. पन्नास रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण त्यामागची दृष्टी नीट आहे : रक्कम लहान आणि तपशील पुरा.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. बाजारात कोरी बिलबुकं मिळतात आणि कोरी बिलं देणारे दुकानदारही. "फूलवाल्याचं बिल नाही ना, मग स्टेशनरीचं लावून टाकू" हा सल्ला ऑफिसात सर्वांत पटकन मिळतो, कधी कधी वरिष्ठांकडूनच. त्या क्षणी १,३६० रुपयांचा प्रामाणिक खर्च बनावट कागदाचा गुन्हा होतो. स्टेशनरी स्टोअरमध्ये आलेली नसते, आवक वहीत ती नसते, आणि त्या बिलावर जीएसटीचा परतावा घेतला गेला तर प्रकरण फार पुढे जातं. ज्या ऑफिसात "बिल नसेल तर पैसे मिळणार नाहीत" असा आंधळा नियम आहे, तिथेच अशी बिलं जास्त जन्मतात. हा दोष मी खर्च करणाऱ्या मुलाला देणार नाही, नियम करणाऱ्याला देईन.

याची दुसरी बाजूही आहे. तोच विक्रेता रोज येत असेल तर त्याचं काम किरकोळ रोकडीतून बाहेर काढायला हवं. चहावाल्याची दररोज ८० रुपयांची व्हाउचरं वर्षभर करत बसण्यापेक्षा पाकशाळेत कपांची वही ठेवावी, दररोज कुणीतरी एकाने सही करावी आणि महिनाअखेर कपांच्या बेरजेनुसार कंपनीच्या खात्यातून यूपीआयने पैसे द्यावेत. चहावाल्यालाही ते सोयीचं पडतं. रोजंदारीवर माणसं लावून 'हमाली' म्हणून व्हाउचर करणं तर आणखीच धोक्याचं. तीच माणसं तेच काम महिनाभर करत असतील, तर ती हमाली नसते, मजुरी असते, आणि भविष्यनिर्वाह निधी व कर्मचारी विमा तपासायला येणारे नेमकी हीच व्हाउचरं मागतात. व्हाउचर हा एकदाच्या, लहान, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडच्या खर्चासाठीचा कागद आहे. किती लहान, हे प्रत्येक संस्थेने लिहून ठरवावं. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत हातातली रोख आणि रोखीचे खर्च यांची मर्यादा उपविधींत पाहावी.

मालक स्वतः फुलं आणतो तेव्हा? तेव्हाही व्हाउचर होतं आणि मंजुरीची सही दुसऱ्याची लागते; भागीदाराची किंवा हिशेबनिसाची. मालकाने स्वतःच घेतलं, स्वतःच मंजूर केलं, असं व्हाउचर ऑडिटर सरळ मालकाच्या उचलीत टाकू शकतो. लहान कारखान्यांत हे सांगायला बाईंना धीर लागतो.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर गठ्ठा मार्चअखेर रद्दीत घालायचा नाही. कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या आणि त्यांची व्हाउचरं आठ वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीसाठी संबंधित वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने. यंदाच्या झेंडूचं व्हाउचर तेवढी वर्षं वाचता येईल अशा शाईने लिहा.